‘24 तास गरम’ म्हणजे किती अंश?

गेल्या मे महिन्यात माझी भाची तिच्या तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन रात्रीच्या गाडीने पुण्याहून नागपूरला गेली. बाळ डब्याच्या पावडरच्या दुधावर होतं. डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं की पावडर कालवायचं पाणी किमान 70 अंश सेल्सिअस गरम हवं. मग दूध निववून पाजायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हाच आकडा आहे. पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात साल्मोनेला आणि क्रोनोबॅक्टर हे जंतू असू शकतात आणि 70 अंशांचं पाणी त्यांना मारतं. कोमट पाणी मात्र त्यांना वाढायला मदतच करतं.

भाचीने संध्याकाळी सहा वाजता उकळतं पाणी स्टीलच्या अर्ध्या लिटरच्या थर्मासमध्ये भरलं. थर्मास नवा होता, ऑनलाइन मागवलेला. त्याच्या माहितीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 24 तास गरम, 24 तास थंड, 100 टक्के लीकप्रूफ. रात्री नऊच्या सुमारास बाळासाठी आणि नवऱ्याच्या कॉफीसाठी त्यातलं निम्मं पाणी वापरलं गेलं. पहाटे दोन वाजता बाळ पुन्हा उठलं, तेव्हा उरलेल्या पाण्यात तिने दूध कालवलं. नागपूरला पोचल्यावर तिचा फोन आला. “मावशी, रात्री दोनला ते पाणी सत्तरच्या वर असेल का गं? वाफ दिसत होती, पावडरही विरघळली. पण सत्तर असेल का?”

बाळाला काही झालं नाही. पण मी तीस वर्षं महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं आणि तरीही तिच्या या साध्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. कारण थर्मासच्या माहितीत उत्तर काढण्याइतकं काही नव्हतंच. ‘गरम’ म्हणजे किती? सुरुवातीला किती होतं? खोली किती तापलेली होती? बाटली भरलेली होती की अर्धी? हे चार आकडे नसतील तर ‘24 तास’ या शब्दांना अर्थ उरत नाही. 40 अंशांच्या पाण्यालाही कुणी गरम म्हणू शकतं. आंघोळीच्या पाण्याला आपण म्हणतोच.

जपानमध्ये थर्मास विकत घेतलात तर खोक्यावर तासांची बढाई दिसत नाही, अंश दिसतात. ‘उष्णता टिकवण्याची क्षमता, 6 तास : 68 अंश किंवा अधिक’ आणि ‘थंडावा टिकवण्याची क्षमता, 6 तास : 10 अंश किंवा कमी’ असं साधारण अर्ध्या लिटरच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत त्याची व्याख्या असते. खोलीचं तापमान 20 अंश, दोन अंश इकडे-तिकडे. पाणी बुचाच्या खालच्या कडेपर्यंत काठोकाठ. बाटली उभी. पाणी 95 अंशांवर असताना घड्याळ सुरू करायचं आणि सहा तासांनी जे तापमान उरेल ते लिहायचं. थंडीसाठी सुरुवात 4 अंशांपासून. जपानी भाषेत थर्मासला ‘जादूची बाटली’ अशा अर्थाचा शब्द आहे, पण खोक्यावर जादूचा मागमूस नसतो. मला त्यातले ‘किंवा अधिक’ हे दोन शब्द सर्वांत मोलाचे वाटतात. कारखान्यातून निघालेली सर्वांत चांगली बाटली किती टिकते हे त्यात सांगितलेलं नाही. तुमच्या हातात येणारी बाटली यापेक्षा खाली जाणार नाही, असं वचन दिलेलं आहे.

युरोपातही घरगुती थर्माससाठी 95 अंश, 20 अंशांची खोली आणि सहा तास अशाच धर्तीची चाचणी आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 17526 हे मानक आहे आणि 2023 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने घरगुती व्हॅक्यूम थर्मासवर आयएसआय चिन्ह बंधनकारक केलं. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येतो. तो जरूर तपासावा. मात्र चिन्ह एवढंच सांगतं की बाटली किमान कसोटीला उतरली आहे. रात्री दोन वाजता पाणी किती अंश असेल, हे विक्रेत्यानेच लिहायला हवं.

म्हणून मी भाचीची तीच बाटली मागवून घेतली, त्याच मॉडेलच्या आणखी दोन विकत आणल्या आणि स्वयंपाकघरात मोजायला बसले. अन्नात खुपसायचा सुईसारखा डिजिटल थर्मामीटर आणि भिंतीवर खोलीचा थर्मामीटर, एवढीच सामग्री. आधी थर्मामीटर तपासला. बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवला, तेव्हा तो शून्य दाखवत होता. उकळत्या पाण्यात 98 दाखवत होता. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, इथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं, म्हणजे थर्मामीटर बरोबर होता.

पहिल्या दिवशी कोरड्या, गार बाटलीत उकळतं पाणी ओतलं आणि लगेच मोजलं, तर 90 भरलं. ओतताना हवेत काही उष्णता जाते आणि आतलं पोलाद स्वतः तापायला काही घेतं. दुसऱ्या दिवशी आधी बाटलीत उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवलं, ते फेकलं आणि मग पुन्हा भरलं. आता सुरुवात 94 पासून झाली. हे चार अंश पुढे कित्येक तास आपल्या सोबत राहतात. बाटली आधी तापवून घेतली होती की नाही, हे माहितीत लिहायला हवं ते याचसाठी.

इथे एक चूक फार सहज होते. एकदा बाटली भरायची आणि दर दोन तासांनी झाकण उघडून मोजत राहायचं, ही ती चूक. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की वाफ निघून जाते आणि तापमान उतरतं. मग आपण बाटली मोजत नाही, आपलं उघडणं मोजतो. म्हणून प्रत्येक आकड्यासाठी बाटली नव्याने भरली. सहा तासांसाठी एकदा, आठ तासांसाठी एकदा, बारा आणि चोवीस तासांसाठी एकेकदा, आणि हे तिन्ही बाटल्यांवर. बरेच दिवस गेले. स्वयंपाकघर त्या काळात 30 अंशांच्या आसपास होतं.

काठोकाठ भरलेल्या, आधी तापवलेल्या बाटलीचे आकडे असे आले. सुरुवातीला 94. सहा तासांनी 74. आठ तासांनी 69. बारा तासांनी 61. चोवीस तासांनी 45. हे तिघींपैकी सर्वांत मागे पडलेल्या बाटलीचे आकडे आहेत. सर्वांत चांगल्या बाटलीने सहा तासांनी 76 दाखवले. एकाच मॉडेलच्या बाटल्यांत दोन अंशांचा फरक पडतो आणि ग्राहकाला कुठली मिळेल हे कुणालाच माहीत नसतं. तेव्हा छापायचा तो सर्वांत कमी आकडा.

या आकड्यांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या सहा तासांत 20 अंश उतरले, पुढच्या सहा तासांत फक्त 13, आणि नंतरच्या बारा तासांत 16. पाणी आणि खोली यांच्या तापमानात जेवढा फरक, त्या प्रमाणात उष्णता बाहेर जाते. फरक कमी होत गेला की उतरण्याचा वेगही मंदावतो. या बाटलीत दर सहा तासांनी तो फरक आधीच्या सुमारे सात दशांश उरतो. 94 आणि 30 मध्ये 64 चा फरक होता. सहा तासांनी 44 उरला, बारा तासांनी 31, चोवीस तासांनी 15. खोलीचं तापमान त्यात मिळवलं की वरचे आकडे मिळतात. म्हणजे सहा तासांचा एक खरा आकडा आणि खोलीचं तापमान हाती असेल, तर बाकीचे तास शाळकरी पोरालाही काढता येतील. म्हणूनच जपानी खोक्यावरचा तो एकुलता आकडा पुरतो.

आणि म्हणूनच खोलीचं तापमान लिहिल्याशिवाय आकडा अपुरा राहतो. हीच बाटली डिसेंबरच्या पहाटे नाशिकला 15 अंशांत ठेवली, तर याच हिशेबाने सहा तासांनी 74 ऐवजी 70 च्या जवळ येईल. गरमचा कस थंडीत लागतो. थंडचा कस अर्थातच उन्हाळ्यात लागतो, त्याकडे पुढे वळू.

आता भाचीची ती रात्र. मी तिचाच क्रम पुन्हा केला. भरलेल्या बाटलीतून तीन तासांनी निम्मं पाणी ओतून घेतलं, झाकण लावलं आणि आणखी पाच तास थांबले. थर्मामीटरने 59 दाखवले.

भरलेली असती तर 69 असती, तीही सत्तरच्या एक अंश खालीच. अर्धी झाल्यामुळे आणखी दहा अंश गेले. याचं कारण थर्मासच्या रचनेत आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी 1892 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ही बाटली तयार केली ती चहासाठी नव्हे, द्रवरूप केलेले वायू थंड ठेवण्यासाठी. दोन भिंती आणि मधली हवा काढून घेतलेली, म्हणजे उष्णता वाहून नेणारं मध्ये काही उरत नाही. त्यांनी पेटंट घेतलं नाही. जर्मनीत 1904 च्या सुमारास ‘थर्मॉस’ या नावाने ती बाजारात आली आणि आपल्या घरात ती थर्मास झाली. जुन्या थर्मासमध्ये चांदीचा मुलामा दिलेली काच असे. आजच्या चांगल्या स्टीलच्या बाटलीत आतल्या भांड्याला बाहेरून तांब्याचा पातळ थर असतो. उष्णता किरणांच्या रूपाने पोकळी ओलांडू शकते, तिला हा चकचकीत थर परतवतो.

पण दोन्ही भिंती कुठेतरी जोडाव्या लागतातच आणि त्या गळ्यापाशी जोडलेल्या असतात. तिथे पोलादाचा सलग पूल तयार होतो आणि वर झाकण असतं. चांगल्या थर्मासमधून जाणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा या गळ्यातून आणि झाकणातून जातो. पाणी अर्धं झालं म्हणून ही वाट अर्धी होत नाही. वाट तेवढीच आणि उष्णतेचा साठा निम्मा, म्हणून अर्धी बाटली जवळजवळ दुप्पट वेगाने निवते.

याच कारणाने एकसारख्या गळ्याच्या दोन बाटल्यांत लिटरची बाटली पाव लिटरच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त टिकते, आणि रुंद तोंडाची बाटली अरुंद तोंडाच्या बाटलीपेक्षा कमी. कुठल्याही माहितीपत्रकाची प्रामाणिकता तपासायची सर्वांत सोपी खूण मला यातूनच सापडली. एकाच मॉडेलचे 300, 500, 750 आणि 1000 मिलिलिटरचे आकार विकायला असतील आणि चौघांपुढे ‘24 तास’ हा एकच आकडा असेल, तर तो मोजलेला नाही. मोजला असता तर चौघांचा वेगळा आला असता.

बाटलीतली पोकळी जाऊ शकते, हेही माहीत असावं. भरताना कारखान्यात सांधा नीट बसला नसेल किंवा बाटली जोरात आपटली असेल, तर बारीक फटीतून हवा आत शिरते आणि मग उरते नुसती दुहेरी भिंत. ओळखायला थर्मामीटरही लागत नाही. उकळतं पाणी भरा, झाकण लावा, दहा मिनिटांनी बाटलीच्या पोटावरून हात फिरवा. गळ्याजवळ थोडं उबदार लागणं साहजिक आहे. पोट उबदार लागलं तर पोकळी गेली आहे आणि ती घरी दुरुस्त होत नाही. काही बाटल्यांत मुळात पोकळी नसतेच, मध्ये फोम किंवा नुसती हवा असते. अशा बाटलीला ‘डबल वॉल’ म्हणणं खोटं नाही, पण ‘डबल वॉल’ आणि ‘व्हॅक्यूम’ या दोन शब्दांत कित्येक तासांचं अंतर आहे.

थंडीचा आकडा बहुधा आणखी फसवा असतो आणि त्यात बर्फाचा हात असतो. मी फ्रिजमधलं 5 अंशांचं पाणी भरलं. त्या दिवशी स्वयंपाकघर 31 अंशांवर होतं. सहा तासांनी पाणी 13 झालं, बारा तासांनी 18 ते 19, चोवीस तासांनी 25. पंचवीस अंशांच्या पाण्याला मे महिन्यात कुणी थंड म्हणणार नाही, ते माठातल्या पाण्याच्या बरोबरीलाही येणार नाही. मग दुसऱ्या खेपेला 350 मिलिलिटर पाण्यात 150 ग्रॅम बर्फ घातला. आता दहा तासांनंतरही बर्फाचे तुकडे शिल्लक होते, बारा तासांनी पाणी 2-3 अंशांवर होतं आणि चोवीस तासांनी 17.

बाटली तीच. बदलला तो फक्त बर्फ. एक ग्रॅम बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापतं. म्हणजे बर्फ असेपर्यंत बाहेरून आत येणारी उष्णता तो पोटात घेतो आणि पाणी शून्याजवळच राहतं. ‘24 तास थंड’ लिहिणाऱ्याने बाटली बर्फाने भरून मोजली असेल तर कदाचित तो खोटंही बोलत नसेल, पण बर्फाचं वजन न लिहिता तो आकडा देणं म्हणजे गिऱ्हाइकाला चुकीची समजूत करून देणंच आहे. शाळेत जाणारं पोर सकाळी माठातलं किंवा फ्रिजमधलं पाणी भरून नेतं, बर्फ नव्हे. त्यातून नागपूरच्या मे महिन्यात 44 अंशांत हीच बाटली बर्फाशिवाय सहा तासांत 5 वरून 17 वर जाईल. विदर्भात विकायच्या बाटलीवर 20 अंशांच्या वातानुकूलित खोलीत मोजलेला थंडीचा आकडा छापला, तर तो विदर्भातल्या ग्राहकाच्या काहीच उपयोगाचा नाही.

हे सगळे कागद घेऊन मी आमच्या नेहमीच्या भांड्यांच्या दुकानदाराकडे गेले. ते स्वतःच्या नावाने असेच थर्मास बनवून घेतात आणि ऑनलाइनही विकतात. त्यांनी आकडे शांतपणे वाचले आणि म्हणाले, “बाई, तुमचं खरं आहे. पण शेजारच्याने चोवीस लिहिलंय आणि मी सहा लिहिलं तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाणार.” हा आक्षेप मला खरा वाटला आणि त्याचं उत्तर द्यायला हवं होतं. आम्ही बसून उत्तर शोधलं. सहा लिहू नका, तासच लिहा, पण प्रत्येक तासाला अंश बांधा. 70 अंशांच्या वर साडेसात तास. 60 अंशांच्या वर बारा तास. 24 तासांनी 45 अंश. आता ‘24’ हा आकडाही पानावर आहे आणि तो खराही आहे. बाळाचं दूध करणारी आई पहिली ओळ वाचेल. डब्यासोबत गरम सूप नेणारा दुसरी ओळ वाचेल, कारण शिजवलेलं अन्न 60 अंशांच्या खाली गेलं की जंतू वाढायला लागतात. नुसतं कोमट पाणी पिणाऱ्या आजोबांना तिसरी ओळ पुरेशी आहे.

“आणि लीकप्रूफ?” त्यांनी विचारलं. “ते तर आम्ही प्रत्येक बाटली पाण्याने भरून उलटी करून बघतो.”

पाणी कुठलं, मी विचारलं. नळाचं, ते म्हणाले.

गार पाण्याची चाचणी जवळपास प्रत्येक बाटली पास होते. गळती खरी दिसते ती गरम पाण्याने, आणि तीही बाटली अर्धी असताना. काठोकाठ भरलेल्या बाटलीत हवेला जागाच नसते. अर्ध्या बाटलीत वर हवा असते. झाकण लावून हलवलं की ती एकदम तापते आणि प्रसरण पावू पाहते. शिवाय पाण्याची वाफ तिच्यात मिसळते. 90 अंशांवर नुसत्या वाफेचाच दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे 70 टक्के असतो. हा सगळा दाब झाकणाच्या रिंगेवर येतो. आपण चहा भरून बाटली स्कूटरच्या डिकीत टाकतो आणि खड्ड्यांतून जातो तेव्हा नेमकी हीच चाचणी नकळत करत असतो.

म्हणून आम्ही तशीच केली. बाटलीत अर्धं भरेल इतकं 90 अंशांचं पाणी, झाकण हाताच्या नेहमीच्या जोराने बंद, बाटली बाहेरून पूर्ण कोरडी. मग ती कागदी रुमालात गुंडाळून झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवली. हात दीड फूट वर-खाली होईल असं दहा वेळा जोरात हलवलं आणि अर्धा तास उलटी ठेवली. आता बाटली नव्हे, तो कागदी रुमाल तोलायचा. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा दुकानात होताच, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. कापडाला ओल लागली का हे हाताने नक्की कळत नाही, पण पाण्याचा एक थेंब साधारण पाच शतांश ग्रॅमचा असतो आणि काट्यावर तो लगेच दिसतो. चाचणीपूर्वी आणि नंतर पिशवीसकट तोलल्याने वाफेचं निसटणंही हिशेबात येतं.

पहिल्या बाटलीत गार पाण्याने रुमालाचं वजन जराही वाढलं नाही. गरम पाण्याने 0.6 ग्रॅम वाढलं, म्हणजे दहा-बारा थेंब. दप्तरातली वही भिजवायला एवढे पुरतात. झाकण उघडून पाहिलं तर सिलिकॉनची रिंग उलटी बसवलेली होती. तिला एका बाजूला पातळ ओठासारखी कड असते, ती आतल्या दाबाच्या दिशेने असेल तर दाब वाढला की कड आणखी घट्ट चिकटते; उलटी असेल तर दाब तिला उचलतो. भाचीने बाटली धुताना रिंग काढली होती आणि पुन्हा लावताना ती उलटी बसली होती. सुलटी करून पुन्हा केलं, वाढ शून्य. गळतीच्या किती तक्रारींमागे खराब बाटली नसून उलटी किंवा सिंकमध्ये विसरलेली रिंग असेल, ते या एका प्रसंगाने मला कळलं. रिंग कशी बसवायची याचं एक छायाचित्र माहितीत असेल, तर ‘100 टक्के लीकप्रूफ’ या शब्दांपेक्षा ते ग्राहकाला जास्त वाचवेल.

बटण दाबून ओतायच्या झाकणाची एक बाटली दुकानात होती, तिच्यात रिंग सुलटी असूनही 0.3 ग्रॅम पाणी आलं. हा त्या झाकणाच्या जातीचाच गुण आहे. बटणाच्या आत आणखी एक छोटी झडप असते आणि तिच्यावर एवढा दाब अपेक्षितच नसतो. स्ट्रॉच्या झाकणाबद्दल तर गरम पाण्याचा विचारही करू नये. विमानात बसल्यावर स्ट्रॉच्या बाटलीतून पाणी वर उसळतं ते अनेकांनी पाहिलं असेल. केबिनमधला दाब उतरतो आणि बाटलीतली हवा पाण्याला स्ट्रॉमधून वर ढकलते. तेव्हा गळतीची ओळ झाकणाच्या प्रकारानुसार वेगवेगळी लिहायला हवी, बाटलीच्या नावाने सरसकट नव्हे.

दुकानदारांनी आणखी एक भर घातली, ती मला सुचली नव्हती. त्यांच्याकडे एकदा एका गिऱ्हाइकाने ताक भरलेला थर्मास आणला होता, झाकण काही केल्या उघडेना, आणि उघडलं तेव्हा ताक छतापर्यंत उडालं. उन्हाळ्यात ताक आंबत राहतं आणि वायू सोडतं, सोड्याचंही तेच. बंद बाटलीत तो दाब साठतो आणि मग झाकण उघडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतं. हा इशारा त्यांनी स्वतःहून माहितीच्या वरच्या भागात घ्यायचं ठरवलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही जे लिहिलं ते असं होतं : ‘500 मिलिलिटर, व्हॅक्यूम, अरुंद तोंड, फिरकीचं झाकण. खोली 30 अंश, बाटली आधी तापवलेली, काठोकाठ भरलेली, न उघडलेली. सुरुवात 94 अंश. 6 तासांनी किमान 74, 12 तासांनी 61, 24 तासांनी 45. बाटली अर्धी असेल तर दुप्पट वेगाने निवते. बर्फाशिवाय 5 अंशांचं पाणी 31 अंशांच्या खोलीत 6 तासांनी 13. पाण्यात 150 ग्रॅम बर्फ घातल्यास 12 तासांनी 3 अंशांपर्यंत. तीन बाटल्या मोजल्या, सर्वांत कमी आकडा दिला आहे. गळती : निम्मं 90 अंशांचं पाणी, दहा वेळा हलवून अर्धा तास उलटी, गळती आढळली नाही. रिंगेची पातळ कड आतल्या बाजूला हवी, छायाचित्र पाहा. ताक, सोडा भरू नये.’ ‘गळती आढळली नाही’ हे शब्द मी मुद्दाम ठेवले. तीन बाटल्यांवर आम्ही तेवढंच पाहिलं होतं आणि ‘100 टक्के’ म्हणायचा आधार आमच्याकडे नव्हता.

ऑगस्टमध्ये भाची परत पुण्याला आली, ती दोन थर्मास घेऊन. एक पाऊण लिटरचा, तो बाळाच्या रात्रीच्या दुधासाठी. निघताना आधी तापवून काठोकाठ भरलेला आणि पहाटेपर्यंत न उघडलेला. दुसरा छोटा, कॉफीसाठी आणि रात्री नऊच्या दुधासाठी. पहाटे दोन वाजता तिने मोठ्या थर्मासमध्ये स्वतःचा सुईचा थर्मामीटर घातला आणि मला मेसेज केला : 76.